"अडीचशे वर्षं जुनं" म्हणून फोटो आलेत, चार ड्रॉवरचं कपाट. फोटोंवरून वय कसं ओळखायचं?

अनुजा_के
नमस्कार मंडळी. एका विकणाऱ्याने मला चार ड्रॉवरच्या एका बुटक्या कपाटाचे फोटो पाठवलेत. वरचे दोन ड्रॉवर उथळ आहेत, खालचे दोन खोल, दर्शनी लाकूड महोगनी, पितळी कड्या, किल्लीची भोकं, कडा सगळ्या झिजलेल्या, एकूण बघितल्याबरोबर प्रेमात पडावं असं प्रकरण आहे. तो म्हणतो अडीचशे वर्षं जुनं आहे, १७७० च्या आसपासचं. मी किंमत बरोबर आहे का ते विचारत नाहीये, मला फक्त हे समजून घ्यायचंय की फोटोंवरून वय सांगता येतं का आणि कशावरून. सध्या चार फोटो टाकतेय: समोरून पूर्ण, एका ड्रॉवरचा कोपरा, एका कडीचा जवळून आणि मागची बाजू (हा जरा अंधारा आलाय). सुतारकामातलं मला शून्य कळतं, तेव्हा हसू नका.

बंड्या००७
दुसरा फोटो झूम करून बघा. कोपऱ्यावर दोन फळ्या एकमेकांत अडकवणारे तिरके दात, म्हणजे डव्हटेल आहेत, आणि हाताने कापलेले आहेत, दात सारखे नाहीत, एक जाड एक बारीक. मशीनचे असते तर सगळे एका मापाचे आले असते. हाताचे डव्हटेल म्हणजे १८५० च्या आधीचं, विषय संपला. विकणारा खरं बोलतोय, डोळे मिटून घ्या.

शंकासुर
डोळे मिटून घेतलेल्या फर्निचरनेच माझी अर्धी माळ्यावरची जागा भरलीय. फोटोवरून काहीही सिद्ध होत नाही, आधीच सांगून ठेवतो.

रंधेवाला
बंड्या, निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकला. हे हाताचेच डव्हटेल आहेत. मधले खुंट निमुळते होत टोकाला जेमतेम करवतीच्या पात्याएवढे उरलेत, सांध्याच्या बुडाशी आखणीची रेघ तशीच राहिलीय, आणि करवत एकदोन ठिकाणी रेघेच्या पलीकडे गेलीय. पण हाताने डव्हटेल कापणं कधी बंद झालंच नाही. मशीनने कापायला लागले १८७० च्या सुमाराला, त्यानंतरही छोट्या कारखान्यांत कित्येक वर्षं हातानेच चालू होतं, मी स्वतः गेल्या आठवड्यात कापलेत. मशीनचा सांधा दिसला तर "याच्या आधीचं नाही" असं म्हणता येतं. हाताचा सांधा दिसला तर तेवढं म्हणायचीही सोय नाही. खुणा बहुतेक "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगतात, "याच्या नंतरचं नाही" अशी अलीकडची हद्द सांगणारी खूण फार क्वचित मिळते.

अनुजाताई, समोरून काढलेला फोटो सगळ्यात कमी कामाचा. कारण जो कोणी वस्तू "जुनी करतो" तो समोरूनच करतो. मला हे फोटो लागतील: १) मागच्या फळ्या, पण टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडून, २) एका ड्रॉवरच्या दर्शनी फळीची आतली बाजू, कडी जिथे बसलीय बरोबर तिथली, ३) कपाट आडवं करून बूड आणि पाय, ४) ड्रॉवर काढून त्याच्या बाजूच्या फळीची खालची कड, आणि तो ज्या पट्टीवर सरकतो ती पट्टी. सगळ्यांत एक कोरा पांढरा कागद ठेवा आणि एक मोजपट्टी. कागद अशासाठी की पिवळ्या बल्बखाली कालचं पाइनसुद्धा शंभर वर्षांचं दिसतं.

मीनल_ज
मला पण विचारायचंच होतं, माझ्या टेबलाच्या पायाला बारीक भोकं पडलीत आणि खाली पिठासारखा भुसा पडतो, त्यावर कुठलं पॉलिश लावू?

रंधेवाला
मीनलताई, पॉलिशने काही होणार नाही. ताजा, फिकट भुसा पडतोय म्हणजे आत कीड जिवंत आहे, आधी त्याचं औषध भोकांतून आत जायला हवं. टेबल बाकीच्या लाकडापासून लांब ठेवा. सविस्तर वेगळ्या धाग्यात लिहा, इथे गाडी भलतीकडे जाईल. पण भोकांचा विषय काढलात ते बरं केलंत, त्याच्याशी इथेही काम पडेल.

अनुजा_के
आले नवे फोटो. विकणारा बिचारा सहनशील निघाला, मी सांगितलं तसं टॉर्च टेकवून काढलेत त्याने, मोजपट्टी पण ठेवलीय. मागच्या फळ्यांवर मला कमानीसारख्या रेघा दिसतायत, एकाशेजारी एक, पाण्यावर तरंग उठल्यासारख्या. आधीच्या फोटोत हे अजिबात दिसत नव्हतं!! हे काय आहे?

बंड्या००७
ते रंध्याचे. हाताचा रंधा मारला की असे तरंग येतात, म्हणजे माझंच बरोबर.

रंधेवाला
रंध्याचे तरंग वेगळे. जुन्या कारागिराच्या जाड रंध्याचं पातं थोडं गोलसर घासलेलं असायचं, त्यामुळे फळीच्या लांबीने उथळ पन्हळी पडतात, बोट आडवं फिरवलं की जाणवतात. इथे रेघा फळीला आडव्या आहेत आणि सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या आहेत. ही गोल करवत. दोन माणसांनी वरखाली ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ येतात, थोड्या तिरक्या, आणि अंतर कमीजास्त, कारण माणूस दमतो, कोन बदलतो. पट्टा करवतीच्या पण सरळ, पण त्या कंगव्याने ओढल्यासारख्या एकसारख्या. कमान मात्र गोल पात्याशिवाय येत नाही.

गोल करवतीचं पहिलं पेटंट १७७७ चं असलं तरी लाकूड कापायच्या गिरण्यांत ती सर्रास दिसायला लागते ती साधारण १८३० च्या पुढे. म्हणजे या फळ्या १७७० च्या असणं अवघड आहे.

टकटक
या फोटोत मोजपट्टी आहे ना, मग पात्याचा आकारच काढता येतो की. मी फोटो स्क्रीनवर मोठा करून मोजलं. एक कमान घेतली जिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर २० सेंमी आहे. त्या सरळ रेषेपासून कमानीचा सगळ्यात फुगलेला भाग १.७ सेंमी लांब. आता अर्ध्या अंतराचा वर्ग म्हणजे १०० भागिले फुगवट्याच्या दुप्पट म्हणजे ३.४, आले २९.४, त्यात फुगवट्याचा अर्धा ०.८५ मिळवला की त्रिज्या ३० सेंमीच्या जरा वर. पातं झालं साधारण ६० सेंमी व्यासाचं. हे गिरणीतलं पातं. हल्लीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये टेबलाला जे २५ सेंमीचं पातं असतं त्याची कमान यापेक्षा खूप जास्त वाकडी आली असती, आणि मुळात ते पातं टेबलावर येऊन येऊन आठेक सेंमी वर येतं, त्याने २० सेंमी रुंद फळी एका दमात उभी चिरताच येत नाही.

रंधेवाला
वा, मी हे नजरेने करतो, तुम्ही गणिताने केलंत. एकच सांगतो, कॅमेरा फळीला काटकोनात नसेल तर फुगवटा चपटा दिसू शकतो आणि मग पातं आहे त्यापेक्षा मोठं निघतं. दोनतीन कमानी मोजून बघा.

टकटक
चार मोजल्या. २८ ते ३३ च्या मध्ये त्रिज्या येतेय. कागद फोटोत आयताकृतीच दिसतोय, बाजू तिरक्या होत नाहीयेत, म्हणजे कॅमेरा बऱ्यापैकी सरळ धरलाय त्याने.

शंकासुर
छान, पण मागच्या फळ्या बदललेल्या असू शकतात की! भिंतीकडची बाजू, ओल लागते, कुजते, शंभर वर्षांनी कोणीतरी नव्या ठोकल्या. कपाट १७७० चं आणि पाठ १८८० ची असं का नसेल? तुम्ही पाठीवरून आख्ख्या कपाटाला जन्मदाखला देताय.

रंधेवाला
शंका एकदम रास्त. खरं काम इथूनच सुरू होतं. नुसती एक नवी खूण सापडून उपयोग नाही, तो भाग मूळचाच आहे का हे ठरवावं लागतं. मूळच्या भागांपैकी जो सगळ्यात उशिराचा, तो वय ठरवतो. मागून बदललेला भाग फक्त दुरुस्ती कधी झाली तेवढं सांगतो.

आता पाठ मूळची का, तर सहाव्या फोटोत बाजूच्या फळीची मागची कड दिसतेय जिथे पाठ ठोकलीय. एक खिळा गळून पडलाय आणि त्याचं भोक लांबट चौकोनी आहे. उरलेल्या खिळ्यांची डोकी पण चौकोनीच, पत्र्यातून कापलेला खिळा. तसले खिळे १७९० च्या पुढे यायला लागले आणि १८९० च्या सुमारापर्यंत चालले, मग गोल तारखिळ्याने त्यांना हटवलं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतंय ते दुसरंच: त्या कडेवर जास्तीचं एकही भोक नाही. पाठ एकदा काढून दुसरी ठोकली की जुन्या खिळ्यांची भोकं मागे राहतात. नवीन खिळे सगळेच्या सगळे नेमके जुन्याच भोकांत मारणारा माणूस मी अजून पाहिला नाही. इथे जितके खिळे तितकीच भोकं. म्हणजे पाठ पहिलीच आहे, निदान या एका कडेपुरतं तरी. दुसऱ्या कडेचा फोटो मिळाला तर खात्री होईल.

अनुजा_के
दुसऱ्या कडेचा मागितलाय. तोवर ड्रॉवरच्या आतल्या बाजूचा बघा ना, मला त्यात गंमत दिसतेय. एका कडीमागे तीन भोकं आहेत. दोन छोटी, त्यांतून कडीचे बोल्ट आलेत. आणि मधोमध एक मोठं गोल, सुमारे २ सेंमीचं, त्यात लाकडाची चकती बसवलीय, चकतीचा रंग जरा वेगळा आहे. प्रत्येक कडीमागे असंच आहे, सगळ्या ड्रॉवरना.

बंड्या००७
चकती म्हणजे लाकडाची गाठ गळून पडली असेल, ती बुजवलीय.

टकटक
आठ ठिकाणी, प्रत्येक कडीच्या बरोबर मध्यावर गाठ? झाडाने मोजून दिल्या होत्या का?

रंधेवाला
ताई, हा तुमच्या सगळ्या फोटोंतला सगळ्यात बोलका फोटो आहे. मधल्या मोठ्या भोकात लाकडी मूठ होती. लाकडाची कातलेली गोल मूठ, तिच्या मागे खुंटी, ती खुंटी अशाच भोकात बसते. १९व्या शतकातल्या कपाटांना अशा मुठी खूप असायच्या. १८व्या शतकातली वस्तू दिसायला हवी असेल तर मुठी काढायच्या, भोकं बुजवायची आणि वर दोन बोल्टवाल्या पितळी कड्या लावायच्या, कडीची पाठपट्टी बुजवलेलं भोक झाकून टाकते. हे काम खूप वस्तूंवर झालंय. यात दर वेळी फसवणूकच असते असंही नाही, कधी कधी मालकालाच मुठी जुनाट वाटायच्या आणि पितळ हवं असायचं.

विकणाऱ्याला एक कडी काढून खालचा फोटो पाठवायला सांगा. नट आतून सुटतो, वस्तूला काही होत नाही.

शंकासुर
उलटंही असू शकतं. आधी पितळी कड्या, मग फॅशन बदलली म्हणून मुठी, मग परत कड्या, जुन्याच भोकांत. दोनदा बदल. मग कपाट १७७० चं राहतं की.

रंधेवाला
असू शकतं, म्हणूनच कडीखालचा फोटो हवाय. आतून बोल्टच्या भोकांच्या कडा पण बघा, फोटोत लाकूड आत फिकट दिसतंय आणि एके ठिकाणी ताजी चिरफळी निघालीय. मोठ्या भोकाची कड मात्र आसपासच्या लाकडाइतकीच काळपट. दोन्ही भोकं एकाच काळातली असती तर दोन्हीकडे हवा सारखीच लागली असती.

मीनल_ज
मी मघाशी चुकीच्या ठिकाणी विचारलं, सॉरी 😅 पण वाचता वाचता टेबलाचा ड्रॉवर काढून बघितला. आमच्याकडे ते तुमचे तिरके दात नाहीयेत. कोपऱ्यावर अर्धचंद्रासारखे गोल आहेत ओळीने आणि प्रत्येक गोलात मध्ये एक छोटी खुंटी. एखाद्याने नक्षी काढल्यासारखं. हे काय असतं? आणि टेबल जुनं आहे का?

रंधेवाला
अरे वा! नशीबवान आहात. हा नॅप सांधा. चार्ल्स नॅप नावाच्या अमेरिकन माणसाने मशीन काढलं होतं, त्याच्यावर हा सांधा कापायचे, मुख्यतः अमेरिकन कारखान्यांत, १८७० पासून १९०० च्या आसपासपर्यंत. मग मशीनलाच डव्हटेल नीट जमायला लागले आणि याची गरज संपली. मघाशी मी म्हटलं ना की अलीकडची हद्द सांगणारी खूण क्वचित मिळते, ही त्यातली. दोन्ही टोकं एकाच कोपऱ्यात. तुमचा ड्रॉवर तरी त्या तीस वर्षांतला. टेबल त्याच वयाचं का हे ड्रॉवर त्याच्या खाचेत नीट बसतो का यावरून बघा. आणि आधी ती कीड!

अनुजा_के
कडी काढली त्याने! (आता तो पण उत्सुक झालाय, मला मेसेजवर विचारत असतो "काय म्हणाले तुमचे लोक".) पाठपट्टीखाली बरोबर मध्ये गोल चकती आहे, आणि तिच्याभोवती एक गोल वलय आहे, पाचेक सेंमी रुंद, आतलं लाकूड बाहेरच्यापेक्षा वेगळ्या रंगाचं. पट्टीच्या आकाराचा मात्र काहीच ठसा नाही, मी मुद्दाम शोधला.

रंधेवाला
मग झालं. मूठ जिथे लाकडाला टेकते तिथे ना उजेड पोचतो ना पॉलिश, त्यामुळे मुठीच्या बुडाचा गोल ठसा उरतो. पितळी पट्टी आधीपासून असती तर तिच्या आकाराचा ठसा असता, कडेने मळ आणि मेण साचून काळी रेघ असती. ती नाही म्हणजे पट्टी तिथे फार वर्षं नाही. शंकासुरांचा दुहेरी बदल माझ्या मते इथे गळला, कारण सगळ्यात आधी कड्या असत्या तर त्यांचा ठसा मुठीच्या वलयाबाहेर कुठेतरी डोकावला असता.

शंकासुर
मधे कधी खरवडून नवं पॉलिश केलं असेल तर नाही डोकावणार. पण ठीक आहे, मग वलय पण गेलं असतं. मान्य. हे एक मान्य.

बंड्या००७
पण झीज तर खरी आहे ना? कडा बघा किती गोल झाल्यात.

रंधेवाला
झीज कुठे आहे ते बघा. माणसाचा हात, पाय, झाडू, ड्रॉवरचं वजन, यांनी झीज होते, त्यामुळे ती जागा धरून होते. चौथ्या फोटोत मागच्या उभ्या कडा पण समोरच्याइतक्याच गोल आहेत. भिंतीला लागून असलेल्या कडेला कोण हात लावणार? तिथे पॉलिश पेपर फिरलाय.

खरी झीज बघायची तर ड्रॉवरचा फोटो घ्या. बाजूच्या फळीची खालची कड पुढे पूर्ण उंचीची आहे आणि मागे जाताना जवळजवळ ५ मिमी खाली बसलीय, घासून गुळगुळीत झालीय. ड्रॉवर कितीही ओढला तरी मागचा भाग पट्टीवर घासतच राहतो, म्हणून तो जास्त झिजतो. पट्टी उलटी, पुढच्या बाजूला जास्त झिजते. या ड्रॉवरचं आणि त्याच्या पट्टीचं एकमेकांशी जमतंय. अशी जोडी घरी बसून बनवणं महा कंटाळवाणं काम आहे, बनवणारे सहसा त्या वाटेला जात नाहीत. म्हणजे वस्तू जुनी आहे, वापरलेली आहे, फक्त म्हणतात तितकी जुनी नाही.

टकटक
पायांचं काय? बूड दिसतंय त्या फोटोत मला काहीतरी नळ्यांसारखं दिसतंय पायाच्या बाहेरच्या अंगाला. ओरखडे आहेत का?

रंधेवाला
ओरखडे नाहीत, मघाशी म्हटलं ना भोकांशी काम पडेल, ते हेच. लाकूड पोखरणारी कीड आत आत बोगदे करते आणि शेवटी भुंगा बाहेर पडतो तेव्हा पृष्ठभागावर एक ते दोन मिलिमीटरचं गोल भोक पडतं. बाहेरून दिसतं ते एवढंच. बोगदा आडवा, उघडा, अर्ध्या नळीसारखा दिसला तर कीड लागून झाल्यानंतर ते लाकूड चिरलंय. म्हणजे जुनं किडलेलं लाकूड आणून त्याचे पाय बनवले. लाकूड दोनशे वर्षांचं असेलही, पाय मात्र त्यानंतरचा.

बुडाच्या चारी कोपऱ्यांत ३ सेंमीची गोल भोकं पण दिसतायत, दोन बुजवलेली आणि दोन तशीच. कातलेले गोल पाय होते तिथे, त्यांची खुंटी वर घुसायची. आताचे ते कंसासारखे पाय त्यांच्या जागी आले. मुठींच्या जागी कड्या, गोल पायांच्या जागी कंस, दोन्ही बदल एकाच दिशेने, वस्तू शंभर वर्षं मागे ढकलायला.

टकटक
पायाच्या आतल्या ठोकळ्याला स्क्रू आहे त्याच्या डोक्यावर अधिकची खूण आहे. फिलिप्स. ते तर १९३० च्या दशकातलं ना?

शंकासुर
स्क्रू कोणीही कधीही बदलतो. पाय हलत होता, घट्ट केला. त्यावरून पायाचं वय काढू नका.

रंधेवाला
बरोबर आहे. तो स्क्रू काढल्यावर आत भोक एकाच मापाचं दिसलं तर तो पहिला, जुन्या रुंद भोकात काडी ठोकून बसवलेला दिसला तर दुरुस्ती. फोटोवरून मी हे सांगणार नाही.

स्क्रूचा निघालाच आहे विषय तर कुलपाचा एक स्क्रू काढायला सांगा ताई. टोक बोथट आहे की निमुळतं ते बघायचंय.

अनुजा_के
काढला. टोक निमुळतं आहे, अगदी टोकदार, आणि डोक्यावरची खाच बरोबर मध्यावर. कुलूप लाकडात कोरलेल्या खोबणीत एकदम फिट बसलंय आणि त्याच्याभोवती दुसरी कुठलीच भोकं नाहीत. (बघा, मी पण शिकले जास्तीची भोकं शोधायला.) दुसऱ्या कडेचा फोटो पण आला, तिथेही जास्तीचं भोक नाही.

रंधेवाला
शाब्बास. टोकदार लाकडी स्क्रू मशीनवर व्हायला लागले १८४६ नंतर. त्याआधीचे बोथट असायचे, आधी भोक पाडूनच बसवावे लागायचे, आणि हाताने कापलेली खाच बऱ्याचदा मध्यापासून सरकलेली. कुलूप खोबणीत घट्ट, एकच भोकांचा संच, म्हणजे कुलूप मूळचं धरायला हरकत नाही, आणि मग त्याचा स्क्रूही बहुधा मूळचाच. "बहुधा" म्हणतोय कारण त्याच भोकात थोडा जाड स्क्रू नंतर घातला तर बाहेरून कळत नाही.

माझं मत: मूळ कपाट १८५० नंतरचं. अलीकडची हद्द विचाराल तर कापलेले खिळे, कुठेही तारखिळा नाही, ड्रॉवरचं बूड अखंड लाकडाचं, प्लायवुड नाही, यावरून मी १८९० म्हणेन, पण ही हद्द कच्ची आहे, कारण एखादा कारागीर जुने खिळे संपेपर्यंत वापरत बसला असेल. कड्या आणि पाय पुष्कळ नंतरचे. विकणाऱ्याने स्वतः केलं असं मी म्हणत नाही, त्याच्या हातात असंच आलं असेल.

बंड्या००७
मग माझं १८५० अगदीच चुकलं नव्हतं, फक्त "आधी" च्या जागी "नंतर" 😄

शंकासुर
एक राहिलं. तिसऱ्या ड्रॉवरचा कोपरा कोणी बघितला का? बाकी तिघांना चार दात आहेत, दोन्ही टोकांना अर्धा खुंट. तिसऱ्याला पाच आहेत आणि खुंट जाड. आखणीची रेघही पुसलेली. हा ड्रॉवर नंतरचा आहे, नाहीतर दुसऱ्या कपाटातला.

टकटक
उंची वेगळी आहे ना, खोल ड्रॉवरला दात जास्त लागणारच.

शंकासुर
चौथा तिसऱ्यापेक्षाही खोल आहे. त्याला चारच.

रंधेवाला
बघितला होता, मुद्दाम बोललो नाही कारण मलाच ठरवता येत नाहीये. एकाच वर्कशॉपमध्ये दोन जण काम करायचे, ड्रॉवर वाटून घ्यायचे, आणि डव्हटेलचा हात अक्षरासारखा असतो, प्रत्येकाचा वेगळा. हाताखालचा पोरगा असेल तर खुंट जाड ठेवणारच, बारीक ठेवायला छाती लागते. पण त्याच्या पण दर्शनी फळीत मुठीचं भोक आहे, वलयही आहे, म्हणजे मुठींच्या काळात तो इथे किंवा अशाच दुसऱ्या कपाटात होता. खालची कड झिजलीय का, आणि त्याच्या पट्टीशी जमते का, हे बघायला हवं. दर्शनी फळी जुनी आणि बाजू नव्या असंही होतं. तशा वेळी सांध्यात जुन्या दातांच्या खाचा बुजवलेल्या सापडतात.

शंकासुर
हाताखालचा पोरगा हे उत्तर मला नेहमीच जरा सोयीचं वाटतं.

रंधेवाला
सोयीचं आहेच. मी पण तो पोरगा होतो, म्हणून आठवतो.

अनुजा_के
तिसऱ्याच्या पट्टीचा फोटो आलाय पण हललाय, काहीच कळत नाही. ड्रॉवरच्या मागच्या फळ्यांचा मात्र एक आलाय, त्यावर पेन्सिलीने आकडे आहेत: पहिल्यावर १, दुसऱ्यावर २, चौथ्यावर ४. तिसऱ्यावर मला काही दिसत नाहीये, डाग आहे मोठा, शाई सांडल्यासारखा. शनिवारी स्वतः जाऊन बघणार आहे, टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन. डागाखाली आकडा असेल तर कसा बघू?

रंधेवाला
टॉर्च आडवा, चारी बाजूंनी फिरवून. पेन्सिलीने लाकूड दबलेलं असतं, रंग गेला तरी खोबण राहते. पुसू नका, ओला कपडा तर अजिबात नाही. आणि तिसरा ड्रॉवर काढलात की आधी त्याची पट्टी हाताने चाचपून बघा, मग इथे येऊन सांगा.